डोंगरातलं घर: आधी ऊन मोजा, मग काच

"पुढच्या वर्षी कुटुंबासह कायमचं परदेशात, थंड डोंगराळ भागात राहायला जातोय. दरीतला एक प्लॉट पसंत केलाय. एल आकाराचं, एकमजली, भरपूर काचांचं घर मनात आहे. अशा थंडीत ते चालेल का? आणि तिथे माणूस रमतो का, तेही खरं सांगा."

प्लॉट तुम्ही कुठल्या महिन्यात पाहिलात? उन्हाळ्यात पाहिला असेल तर पैसे देण्याआधी थांबा, आणि हे पूर्ण वाचा. व्हिसा, कर, विमा यांचं सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट मिळतं, ते मी लिहीत नाही. मी इथे, तशाच थंड डोंगराळ भागात, घरांच्या उष्णतेचे हिशेब करण्याचंच काम करते, आणि तुमचा प्रश्न वाचून मला झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

दक्षिणेच्या काचेतून ऊन घेऊन घर उबदार ठेवण्याची सगळी गंमत एकाच गोष्टीवर उभी आहे: हिवाळ्यात सूर्य खालून जातो. उदाहरणार्थ, ४६ उत्तर अक्षांशावर २१ डिसेंबरच्या भर दुपारी तो क्षितिजाच्या वर फक्त साडेवीस अंश असतो. २१ जूनला तोच साडेसदुसष्ट अंशांवर असतो. सपाट मैदानात साडेवीस अंश पुरतात, ऊन खोलीत आतपर्यंत येतं. पण तुम्ही दरीत आहात. तुमच्या दक्षिणेच्या डोंगराची कड प्लॉटवरून बघताना पंचवीस अंश वर असेल, तर डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही असं समजा. ही अतिशयोक्ती नाही. नॉर्वेतल्या र्‍युकान गावात आणि इटलीतल्या विगानेल्लात हिवाळ्यात इतका काळ ऊन येत नसे की शेवटी डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडावं लागलं. विगानेल्लात २००६ साली, र्‍युकानमध्ये २०१३ साली.

मोजणं सोपं आहे. फोनमधल्या कोन मोजणार्‍या ॲपने डोंगराची कड तीन दिशांना मोजा: खरी दक्षिण, तिच्या चाळीस अंश पूर्वेला आणि चाळीस अंश पश्चिमेला. होकायंत्र चुंबकीय दिशा दाखवतं, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये खरी उत्तर निवडून घ्या. ४६ अक्षांशावर डिसेंबरात सूर्यवेळेनुसार सकाळी नऊला सूर्य दक्षिणेच्या एक्केचाळीस अंश पूर्वेला आणि जेमतेम साडेनऊ अंश उंच असतो. दुपारी तीनला तसाच पश्चिमेला. म्हणजे दक्षिणेची कड वीस अंशांच्या बरीच खाली हवी आणि दोन्ही बाजूंच्या कडा दहाच्या आसपास किंवा कमी. डिसेंबरची वाट न पाहता डोळ्यांनी बघायचं असेल तर जूनमधल्या पौर्णिमेचा चंद्र बघा. तो साधारण डिसेंबरातल्या सूर्याच्याच वाटेने जातो, फार तर पाच अंश इकडेतिकडे. चंद्र डोंगराआड गेला तर सूर्यही जाण्याचीच शक्यता मोठी. शिवाय दरीच्या तळाशी रात्री थंड हवा उतरून साठते, त्यामुळे उतारावरच्या घरापेक्षा तिथलं घर जास्त थंडी सोसतं.

प्लॉट या परीक्षेत उतरला तर मग आकार. तुमच्या एल आकाराचा हिशेब मी करून पाहिला. १२० चौरस मीटरचं एकमजली घर, एक भाग १४ गुणिले ६ मीटर आणि त्याला जोडलेला दुसरा ६ गुणिले ६, भिंती ३ मीटर उंच. बाहेरच्या भिंती भरतात १५६ चौरस मीटर, छप्पर १२०, जमीन १२०. एकूण ३९६ चौरस मीटर पृष्ठभागातून उष्णता बाहेर जाणार. तेवढंच घर दोन मजल्यांचं, १० गुणिले ६ च्या पायावर उभं केलं, तर भिंती १९२, छप्पर ६०, जमीन ६०. एकूण ३१२. राहायची जागा तीच, आतली हवा तेवढीच, आणि गळतीचा पृष्ठभाग मात्र पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्तच घटला. इन्सुलेशनही तेवढंच कमी लागतं, आणि पाया निम्म्याच जागेवर घालायचा, ती बचत वेगळी. एल आकाराच्या आतल्या कोपर्‍यात बर्फ साठतो आणि एक भाग दुसर्‍यावर सावली पाडतो, हे हिशेबात धरलेलंच नाही.

लोक इथे विचारतात की मग चौरसच का नको. ८ गुणिले साडेसातचं घर ३०६ वर येतं, म्हणजे फक्त ६ चौरस मीटरचा फायदा. पण १० मीटरची लांब बाजू दक्षिणेला दिली की ऊन घेणारी भिंत ४८ ऐवजी ६० चौरस मीटर मिळते. म्हणून पूर्व-पश्चिम किंचित लांबट, दोन मजली, बाहेर आलेली खोली नाही, खाचाखोचा नाहीत: डोंगरातल्या घराचा हाच आकार मी कुणालाही सांगते. जिना, न्हाणीघर, सामानाची खोली उत्तरेला. माणसं जिथे बसतात, अभ्यास करतात त्या खोल्या दक्षिणेला.

आता काच. "भरपूर" हा शब्द काढून टाका. दक्षिणेची काच एकूण जमिनीच्या सात टक्क्यांच्या आसपास ठेवावी, हा जुना ढोबळ नियम आहे. तुमच्यासाठी ८ ते ९ चौरस मीटर. उष्णता साठवणारी जड जमीन किंवा भिंत दिलीत तर बारा टक्क्यांपर्यंत जाता येतं. हिशेबाला सोपं म्हणून १० चौरस मीटर घेऊ. बाहेर उणे पाच, आत वीस. चांगल्या डबल ग्लेझिंगमधून, ज्याची यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ देण्याचं माप, १.३ असते, चोवीस तासांत सुमारे ८ युनिट उष्णता जाते. डिसेंबरातल्या निरभ्र दिवशी दक्षिणेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण ४ युनिट ऊन पडतं. चौकट आणि काच आपला वाटा घेऊन जवळपास १९ युनिट आत पोचतात. दिवसाअखेर ११ युनिट शिल्लक. ढगाळ दिवशी मात्र जेमतेम ३ आत येतात आणि ८ जातात. म्हणजे एक उन्हाचा दिवस दोन ढगाळ दिवसांचा तोटा भरून काढतो. तुमच्या गावी हिवाळ्यात धुकं आणि ढग किती, हे त्यासाठी हवामानखात्याच्या सूर्यप्रकाशाच्या तासांवरून बघा. लेप नसलेली जुनी डबल काच असेल तर दुप्पट उष्णता जाते आणि उन्हाच्या दिवशीही हातात फारसं उरत नाही. उत्तरेच्या काचेला ही मिळकतच नाही, ती रोज तोट्यात. डोंगराचा देखावा उत्तरेला असेल तर त्याला एक बेताची खिडकी द्या.

काच घेताना जी-व्हॅल्यू, म्हणजे उन्हाच्या उष्णतेचा किती हिस्सा आत येतो ते माप, लेखी मागा. उष्णता आत राखणारा लेप आणि ऊनच अडवणारा लेप, दोन्ही लो-ई नावानेच विकले जातात. तुम्हाला दक्षिणेला ०.६ च्या आसपास हवी, ०.३ ची काच बसवली तर वरच्या हिशेबातलं निम्मं ऊन बाहेरच राहील. आलेली काच तपासायला संध्याकाळी तिच्याजवळ लायटर पेटवून धरा. डबल काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात आणि लेप असलेल्या पृष्ठभागावरची वेगळ्या रंगाची असते. त्यावरून लेप आहे की नाही आणि कुठल्या पृष्ठभागावर आहे ते कळतं. किती ऊन आत येतं ते मात्र कागदावरूनच.

छज्ज्याचाही हिशेब याच कोनांचा. ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा डिसेंबरात भिंतीवर २२ सेंटिमीटर सावली पाडतो आणि जूनमध्ये जवळपास १४५. म्हणून खिडकीची वरची कड छज्ज्याच्या २५ सेंटिमीटर खाली आणि खिडकी १२० उंच ठेवली की हिवाळ्यात पूर्ण ऊन, भर उन्हाळ्यात पूर्ण सावली. मार्च आणि सप्टेंबरात सूर्य सारख्याच उंचीवर असतो, पण मार्चमध्ये ऊन हवं असतं आणि सप्टेंबरात नको. ते छज्ज्याला कळत नाही. त्यासाठी बाहेरचा पडदा लागतो. आणि जमीन: काचेमागे १० सेंटिमीटर काँक्रीट, वर फरशी, गालिचा नको. ४० चौरस मीटर अशी जमीन ते ११ युनिट घेऊन पाच अंशांनी तापते आणि रात्रभर परत देते. जाडी वाढवून एका दिवसात फारसा फायदा होत नाही. लाकडी हलक्या जमिनीचं घर कसं ओळखायचं? उन्हाच्या दिवशी दुपारी तीनला खिडकी उघडावी लागते आणि पहाटे हीटर लावावा लागतो.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरीही आमचं घर दक्षिणेला तोंड करून नाही. परवानगी देणार्‍या कार्यालयाचा आग्रह, की छपराचं आढं रस्त्याला समांतरच हवं, शेजार्‍यांसारखं. रस्ता तिरका आहे. मी कोनांचे तक्ते दिले, पत्रं लिहिली, प्रत्येक पत्राला नव्या अर्जाचं उत्तर आलं, आणि बर्फ पडण्याआधी पाया घालायचा हंगाम निघून गेला. शेवटी घर दक्षिणेपासून चाळीस अंश पश्चिमेला वळलं. पंधरा अंशांनी फारसं बिघडत नाही, चाळीस अंशांनी हिवाळ्यातलं पाव हिश्श्याच्या आसपास ऊन गेलं. सकाळ थंड, आणि सप्टेंबरच्या दुपारी खाली आलेला सूर्य छज्ज्याखालून थेट आत. आजही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो. तुम्ही प्लॉट घेण्याआधीच विचारा: आढ्याची दिशा, मजल्यांची मर्यादा, आणि दक्षिणेच्या शेजारच्या प्लॉटवर किती उंच बांधता येतं. उत्तर लेखी घ्या.

लेखी म्हटलं की मुलीची शाळा आठवते. तुम्ही विचारलेलं नाही, पण कुटुंबासह येताय म्हणून सांगते. भाषा येत नाही म्हणून तिला एक वर्ग खाली बसवलं. गणित तिला त्या वर्गाच्या पुढचं येत होतं, पण कुणी तपासलं नाही. "सवय होईल," एवढंच सांगितलं गेलं. आता ती मोठी झाली, ती विसरली म्हणते. मी विसरलेले नाही. मुलांना खाली बसवणार असतील तर कुठल्या चाचणीवरून, आणि परत वर कधी घेणार, हे कागदावर मागा.

रमतो का माणूस? आम्ही सुरुवातीला भाड्याने राहिलो ते घर दरीच्या तळाशी होतं, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत ऊन नाही. त्या काळात मी दुपारी दोनला दिवे लावून बसायचे आणि घरच्यांशी फोनवर धड बोलताही यायचं नाही. वर उतारावर राहायला आल्यावर बरंच हलकं झालं. ज्याला मी एकटेपणा म्हणत होते त्यातला किती भाग अंधाराचा होता आणि किती माणसं सोडून आल्याचा, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही. आई-वडिलांच्या आजारपणात इथे असणं कुठल्याही उन्हाने सोपं होत नाही, एवढं नक्की.

तुमच्या प्लॉटचा अक्षांश आणि डोंगराच्या कडेचे ते तीन कोन इथेच लिहा. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ऊन जाईल ते मी काढून देते. दक्षिणेची कड वीसच्या वर निघाली तर दुसरा प्लॉट बघा, त्याच दरीत, समोरच्या दक्षिणाभिमुख उतारावर. जुनी वस्ती तिकडेच असण्याची शक्यता जास्त.