ऑर्डर पॅक्डवर अडकलीय, पण मीटर कार्डावर पळतोय

"सर, मुलीच्या कॉलेजसाठी सेलमध्ये ४२ हजारांचा लॅपटॉप क्रेडिट कार्डवर घेतला, सोबत २,५०० चा प्रोटेक्शन प्लॅनही. दहा दिवस झाले, आधी प्रोसेसिंग, आता सहा दिवस नुसतं पॅक्ड. डिलिव्हरीची तारीख परवाच गेली. गावातल्या दुकानात तोच ४४,५०० ला आहे. थांबू की कॅन्सल करू? कार्डवर आधीचे ५८ हजार आहेत पण मिनिमम ड्यू मी कधी चुकवत नाही, आणि दीड लाखाची एफडी आहे ती मोडायची नाहीये."

ताई, लॅपटॉपचं आधी सांगून टाकतो. प्रोसेसिंग म्हणजे बहुतेक वेळा सेलरने माल हातात घेतलेलाच नसतो. पॅक्ड म्हणजे बिल आणि लेबल निघालं, एवढंच. उशीर झाला की सेलरला दंड बसतो, म्हणून स्टॉक नसतानाही पॅक्डचं बटण दाबून ठेवणारे असतात. त्यामुळे स्टेटस बघत बसू नका, ऑर्डरमध्ये ट्रॅकिंग नंबर आलाय का बघा आणि तो कुरियरच्या साइटवर टाका. तिथे पिकअप झाल्याची नोंद असेल तर माल निघालाय, दोन-चार दिवस थांबा. नुसती माहिती मिळाल्याची नोंद असेल किंवा नंबरच नसेल तर डबा अजून सेलरकडेच आहे, किंवा डबाच नाहीये. तारीख उलटून गेलीय आणि पिकअप नाही, म्हणजे कॅन्सल. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला तर सेलरला रिफंड नाकारता येत नाही (पूर-बिर आला असेल तर गोष्ट वेगळी). टाळाटाळ केली तर १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते.

मिनिमम ड्यू चुकवत नाही हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय, पण तिथेच तर सगळा घोळ आहे. मिनिमम भरल्यानं लेट फी टळते, व्याज टळत नाही. बहुतेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. ५८ हजारांवर झाले दोन हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,४००. तुमचं मिनिमम पाच टक्के धरलं तर भरता २,९००, म्हणजे मुद्दल कमी होतं पाचशेनं! हे असं दहा वर्षं चाललं तरी फिटणार नाही.

आणि बहुतेकांना माहीत नसलेला भाग असा की मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे लॅपटॉप आणि प्लॅन मिळून ४४,५०० वर रोजचे साधारण साठ रुपये, तेही लॅपटॉप गोडाऊनमध्ये पडून असताना. दहा दिवसांचे सहाशे गेले. कॅन्सल केलंत तरी रिफंड यायला आठवडा धरा, आणखी चारशे. सेलमध्ये वाचवलेल्या अडीच हजारातले हजार असेच संपले, उरलेले दीड हजार त्या प्रोटेक्शन प्लॅनमध्ये आधीच बुडाले होते. तो प्लॅन कशाला घेतलात हो? पहिल्या वर्षाची वॉरंटी कंपनी तशीही देतेच. कॅन्सल करताना प्लॅनचे पैसेही परत येतायत ना ते वेगळं तपासा, कधीकधी तो स्वतंत्र ऑर्डर म्हणून तसाच राहतो.

एफडी मोडायची नाहीये म्हणता. सात टक्के धरले तर ५८ हजारांच्या एफडीवर महिन्याला साडेतीनशे मिळतात, आणि तेवढ्याच रकमेवर कार्डला २,४०० देताय. मुदतीआधी मोडल्याचा एखादा टक्का कापला तरी हिशोब बदलत नाही. उद्याच मोडा.

ट्रॅकिंग नसेल तर आधी ऑर्डर कॅन्सल करा आणि कन्फर्मेशन हातात पडल्याशिवाय दुसरीकडे पैसे देऊ नका, नाहीतर दोन लॅपटॉप घरी येतील. एफडीतून कार्डवर ५८ हजार आणि चढलेलं व्याज असे साठेक हजार भरा, रिफंडनं बाकीचं मिटेल. दुकानातला लॅपटॉप उरलेल्या पैशातून यूपीआयनं घ्या, आणि कार्ड न वापरता लगेच पैसे देतेय म्हणून हजारभर कमी करायला सांगा, दुकानदार ऐकतात. ४५ हजार हातात राहतील, ते तसेच ठेवा. लॅपटॉप निघालेला असेल तर मात्र एक लाख पाच हजारांच्या आसपास पूर्ण थकबाकी भरा, नुसतं मागच्या बिलाचं नाही, अजून बिलात न आलेला खर्चही धरून.

पुढच्या बिलात थोडं व्याज परत दिसेल, ते भरण्याच्या दिवसापर्यंतचं असतं, घाबरू नका, तेही भरून टाका. आणि ऑटो-डेबिट मिनिमम ड्यूवर लावलेलं असेल तर त्याच दिवशी टोटल ड्यूवर करा.