रिपीटरची प्रश्नपत्रिका

"सर, मेडिकलची नीट परीक्षा रिपीट करतोय. गेल्या वेळी ४२८ पडले. आता मॉक टेस्टला बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. फिजिक्स मला जमतच नाही. परत तसंच झालं तर?"

राजारामपुरीतल्या आमच्या घरी हा मुलगा आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "जुनी प्रश्नपत्रिका ठेवलीयस का रे?"

"आहे सर, पण उघडली नाही कधी."

नीटची पुस्तिका घरी नेता येते आणि कच्चं काम तिच्यातच असतं. मी चाळीस वर्षं फिजिक्स शिकवलं. उत्तरापेक्षा कच्चं काम जास्त बोलतं. दुसऱ्या दिवशी उत्तरतालिका शेजारी ठेवून आम्ही फिजिक्सचे ४५ प्रश्न तपासले.

१७ प्रश्नांशेजारची जागा कोरी होती. "इथं काय केलंस?"

"वेळच नव्हता सर. गोल रंगवत सुटलो."

त्यातले ४ बरोबर, १३ चूक. बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा; म्हणजे १६ वजा १३, हाती ३ गुण. उरलेल्या २८ पैकी १७ बरोबर होते. ७ ठिकाणी रीत बरोबर, पण कुठं सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले, तर कुठं वर्ग विसरला. अजिबात येत नव्हते ते फक्त ४.

"म्हणजे हात घातलेल्या २८ पैकी २४ ची रीत तुला येत होती. मग जमत नाही ते काय?"

तो बराच वेळ पानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बायोलॉजी दोनदा वाचली सर. फिजिक्सला ३५ मिनिटं उरली."

पेपर १८० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा. आम्ही वाटणी केली: बायोलॉजी ५०, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६५, आणि १५ मिनिटं राखीव. पूर्ण मॉक काही आठवडे बंद. रोज फक्त फिजिक्सचे ४५ प्रश्न, घड्याळ लावून. सोडवतानाच प्रत्येक उत्तरापुढं एक अक्षर लिहायचं: खात्री असेल तर 'ख', अर्धवट असेल तर 'अ', तुक्का असेल तर 'त'. गुण मोजायच्या आधी प्रत्येक अक्षराखालची बरोबर उत्तरं मोजायची.

तिसऱ्या सरावाला २२ 'ख' होते, त्यातले २० बरोबर. "माझी खात्री बरोबर निघतीय की सर!" हे त्याला स्वतःच्या अक्षरात दिसलं, म्हणून पटलं. मी नुसतं "तू हुशार आहेस" म्हटलं असतं तर वडिलांच्या बोलण्यासारखंच त्यानं एका कानानं ऐकून सोडलं असतं. (इथं गल्लीतला प्रत्येक जण "औंदा तरी?" विचारतो, तेवढं धीर खच्ची करायला पुरतं.)

मात्र 'ख'च भराभर चुकत असतील तर घोटाळा संकल्पनेत आहे. तेव्हा ही अक्षरं बाजूला ठेवून एनसीईआरटीचा तो धडा परत करावा. आणि झोप उडाली, जेवण तुटलं, जीव नकोसा वाटू लागला तर हा विषय मार्कांचा राहत नाही. घरच्यांना सांगून १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करावा.

पूर्ण मॉक आम्ही 'त' पाचाच्या खाली आल्यावरच सुरू केल्या.