स्टडी लीव्हचा अर्ज: तिसरा परिच्छेद काढून टाक

अगं,

तुझ्या अर्जाचा कच्चा मसुदा दोनदा वाचला. एनआयसीयूतली सहा वर्षं, निओनेटल नर्सिंगचा वर्षभराचा पोस्ट बेसिक डिप्लोमा, प्रवेशपत्राची प्रत, सगळं जागच्या जागी आहे. फक्त तिसरा परिच्छेद काढून टाक. 'माझ्या गैरहजेरीत चार सहकारी माझी ड्युटी करतील, त्यांची संमती घेतली आहे.' तुला ही तुझी सगळ्यांत भक्कम बाजू वाटते. मेट्रनला मात्र त्यात चौघींच्या वर्षभराच्या डबल ड्युट्या दिसतात. शिवाय त्या चौघींपैकी एकीची बदली झाली की सगळंच कोसळतं.

मीही एकदा नेमकं हेच लिहिलं होतं. अर्ज परत आला, शेरा एका ओळीचा: परस्पर अदलाबदल चालणार नाही. मला राग आला होता. पुढे स्वतः रोस्टर लावायला लागले, तेव्हा तो शेरा पटला.

म्हणून संमतीच्या जागी हिशोब दे. तुझ्या युनिटमध्ये प्रत्येक पाळीला चौघी लागतात, म्हणजे दिवसाला 12 ड्युट्या, वर्षाला 4380. आता एक जण वर्षात प्रत्यक्षात किती ड्युट्या करते ते मोज. 365 दिवसांतून 52 वीकली ऑफ, 30 ईएल, 8 सीएल आणि सणावाराच्या साधारण 15 सुट्ट्या वजा केल्या की 260 उरतात. 4380 ला 260 ने भागलं तर 16.8, म्हणजे 17 जणी. तुम्ही 18 आहात. तू गेलीस तरी युनिट चालतं, हे कागदावर दिसलं पाहिजे.

पण हे 17 जेमतेम आहेत, आणि खरी अडचण इथेच आहे. तुमच्यातली एक ऑक्टोबरपासून 180 दिवसांच्या मॅटर्निटी लीव्हवर जाणार असल्याचं तूच लिहिलंयस. त्या सहा महिन्यांत 16 च उरतात, आणि ही तूट कुठे उघडी पडते? रात्री. दिवसा कुणी दोन तास जास्त थांबते, शेजारच्या वॉर्डातून मदत येते. रात्री दोन वाजता व्हेंटिलेटरवरच्या बाळापाशी नवखी मुलगी उभी करता येत नाही. म्हणून तुझ्या आराखड्यात त्या सहा महिन्यांसाठी दुसऱ्या वॉर्डातल्या एका सिस्टरची अंतर्गत पोस्टिंग मागायची, आणि तू निघायच्या सहा आठवडे आधी तिला तुझ्यासोबत ड्युटीला लावायची विनंती करायची. व्हेंटिलेटर, सीपॅप, इन्फ्युजन पंप हे तिने सोबत राहूनच शिकावं. या आराखड्यावर इनचार्ज सिस्टरचा शेरा आणि सही घे. तुझ्या चार मैत्रिणींच्या सह्यांपेक्षा ती एक सही जास्त मोलाची, कारण उद्या रोस्टर तीच लावणार आहे.

आता नियमाचं थोडक्यात. तू केंद्र सरकारच्या रुग्णालयात आहेस, तेव्हा तुला 1972 चे सीसीएस रजा नियम लागू. स्टडी लीव्हला पाच वर्षांची सेवा लागते, ती तुझी झाली. एका वेळी साधारणपणे 12 महिने, संपूर्ण नोकरीत 24 महिने मिळतात. अभ्यासाचा तुझ्या कामाशी थेट संबंध हवा, म्हणून अर्जाचं पहिलंच वाक्य 'मी एनआयसीयूत काम करते' असं असू दे. 'मला शिकण्याची आवड आहे' हे कुणी विचारत नाही. ही रजा तुझ्या ईएलच्या खात्यातून वजा होत नाही, तेव्हा परीक्षा 12 महिन्यांच्या पुढे गेली तर वरच्या दिवसांसाठी ईएल जोडता येते. ते आताच लिहून ठेव, नंतर तार-फोन करत बसू नकोस. (तार आता राहिलीच कुठे, पण सवय जात नाही.)

पगार पूर्ण आणि महागाई भत्ताही मिळतो, मात्र स्टायपेंड मिळत नसल्याचं लिहून द्यावं लागतं. मिळत असेल तर तो पगारातून समायोजित होतो. डिप्लोमा देणारी संस्था स्टायपेंड देते का, हे प्रवेशपत्रात नीट पाहा. लपवलंस तर वसुली नक्की.

बॉण्डवर सही करण्याआधी घरी बोल. परतल्यावर तीन वर्षं सेवा सोडता येत नाही. सोडलीस तर रजेतला पगार व्याजासकट परत करावा लागतो. तुझ्या नवऱ्याच्या दुबईच्या बोलण्याचं काय झालं, ते आधी ठरवा. ते ठरल्याशिवाय अर्ज पुढे सरकवू नकोस.

हिशोबाचा तक्ता केलास की मला दाखव. पुढच्या तीन महिन्यांचं रोस्टरही सोबत आण, नाइट्स मी स्वतः मोजते.

तुझी,
सिस्टर