बंदरातल्या पाण्याच्या हेलकाव्याचा पिरियड कसा काढायचा?

प्रश्न: लांबी आणि खोली माहितीये, त्यावरून बंदरात पाणी किती वेळात मागेपुढे हेलकावतं ते कसं काढू? पुण्यात समुद्र नाही, मग इथे चेक कसं करू?

उत्तर: लाट एका भिंतीकडून दुसरीकडे जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो तोच पिरियड. उथळ पाण्यात लाटेचा वेग √(gh), इथे h म्हणजे खोली आणि g म्हणजे गुरुत्व त्वरण, ९.८. म्हणून लांबी L असलेलं पाणी चारही बाजूंनी बंद असेल तर पिरियड T = 2L/√(gh).

पुण्यातल्या कुठल्याही २५ मीटरच्या स्विमिंग टँकचं बघा, खोली सगळीकडे १.५ मीटर धरली तर वेग येतो साधारण ३.८ मीटर प्रति सेकंद आणि T जवळपास १३ सेकंद. टँकमध्ये कोणी पोहत नसताना दोन्ही टोकांच्या भिंतींवर पाण्याची पातळी बघा, एकीकडे चढते तेव्हा दुसरीकडे उतरते, मधोमध मात्र पातळी जवळपास हलत नाही, तिथे पाणी नुसतं आडवं सरकतं.

आता बंदर, इथेच बहुतेक जण चुकतात. त्याचं तोंड समुद्राकडे उघडं असतं, त्यामुळे पातळी न हलणारी जागा मध्ये नाही, तोंडाशी येते, आणि सूत्र होतं T = 4L/√(gh). १ किलोमीटर लांब, १० मीटर खोल बंदर असेल तर वेग ९.९, T साधारण ४०४ सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटं. प्रत्यक्षात थोडा जास्तच येतो, कारण तोंडाबाहेरचं पाणीही सोबत हलतं. बाहेरून याच पिरियडच्या लांब लाटा आल्या की हेलकावा वाढत जातो, आणि तोंडाजवळ पाणी जोरात आडवं सरकत असल्याने तिथल्या जहाजांचे दोर तुटू शकतात.

तळ उतरता असेल तर तुकडे पाडा, प्रत्येकाचा वेळ काढून बेरीज करा, हा ढोबळ अंदाज झाला, सरासरी खोली घेतली की T त्याहून कमी येतो.