घरखर्चावरून व्याज शिकवायचंय? फ्रिज घ्या

प्रश्न: अकरावी-बारावीला बजेट, व्याज, बचत असं सगळं एका घरच्या महिन्याच्या खर्चावरून शिकवायचंय. सूत्र फळ्यावर लिहिलं की पोरं झोपतात. उदाहरण कुठलं घेऊ?

उत्तर: फ्रिज घ्या, 24,000 चा. मी दरवर्षी तोच घेतो.

घर असं मांडा, वडलांचा पगार 26,000, आईचं शिवणकाम साधारण 4,000. भाडं 7,000, किराणा 8,000, दूध-भाजी 4,000, लाईट-गॅस-मोबाईल 2,500, क्लासची फी 3,000, येणं-जाणं 2,500. उरले 3,000. दुकानदार म्हणतो, फक्त 12 टक्के व्याज, वर्षभर 2,240 चा हप्ता. पोरं लगेच म्हणतात सर बसतंय की, 760 उरतात वर!

आता विचारा, हे 12 टक्के कशावर? ते फ्लॅट आहे, म्हणजे अख्ख्या 24,000 वर वर्षभराचं व्याज, 2,880. पण दर महिन्याला आपण मुद्दल फेडतोय ना, मग शेवटच्या महिन्यात डोक्यावर फक्त 2,000 राहिलेले असतात तरी व्याज चालूच पूर्ण रकमेवर. फळ्यावर 24, 22, 20 असं 2 हजारापर्यंत उतरत लिहायला लावा आणि सरासरी काढायला सांगा, 13,000 येते. 13,000 वर 2,880 म्हणजे जवळपास 22 टक्के (नीट गणित केलं तर साडेएकवीसच्या आसपास, वर्गात एवढं पुरे). तेच 12 टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता साधारण 2,132 आणि व्याज 1,588 च्या आसपास. घरी कोणी कर्ज घेतलं असेल तर केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद आणायला सांगा, 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या कर्जांना तो असतो, त्यातला एपीआर, म्हणजे कर्जाचा वर्षाचा खरा दर बघायचा, त्यात प्रोसेसिंग फीसुद्धा धरलेली असते.

मग उलटं करा. महिना 2,000 ची आरडी, साडेसहा टक्के, वर्षाने व्याज किती? निम्मा वर्ग 1,560 म्हणतो. चूक, कारण पहिला हप्ताच फक्त बारा महिने बँकेत राहतो, शेवटचा एकच महिना. इथेही सरासरी तीच 13,000 निघते, व्याज साडेआठशेच्या आसपास. तीच आकडेमोड दोन्हीकडे चालते हे कळलं की पोरं स्वतःच पुढची गणितं मागतात, खरंच.

बजेटचा भाग शेवटी घ्या, आधी नको. पावसाळ्यात शिवणकाम 1,500 वर आलं तर? उरतात 500, हप्ता 2,240. आणि आमच्याकडे तर पैसे असूनही हप्ता बाउन्स झाला होता, कारण कापायची तारीख 5 आणि पगार 7 ला. बाउन्स चार्ज वेगळा, उशिराचा दंड वेगळा. म्हणून खर्चाच्या तक्त्यात रकमेशेजारी तारखेचा रकाना ठेवा, आणि फ्रिज आरडी संपल्यावर घ्यायचा की आत्ता हप्त्यावर, ते पोरांनाच भांडून ठरवू द्या. आमच्या वर्गात एकीने विचारलं होतं, सर वर्षभर फ्रिज नाही म्हणून जे दूध नासतं त्याचं काय? तेही तक्त्यात घातलं मग.