प्रश्नोत्तरे : मिठाचा स्फटिक अवरक्तात आरसा का होतो?

आयनी स्फटिकांतील प्रकाशीय फोनॉनांविषयी आलेले बहुतेक प्रश्न एकाच मुद्द्याभोवती फिरतात, म्हणून सगळी उत्तरे साध्या मिठाच्या, म्हणजे सोडियम क्लोराइडच्या, आधाराने दिली आहेत. वारंवारता सर्वत्र तरंगांकात, प्रतिसेंटीमीटरमध्ये, समजावी. अवतरंगी प्रकाशीय फोनॉनाला ‘टीओ’ आणि अनुतरंगी प्रकाशीय फोनॉनाला ‘एलओ’ म्हटले आहे.

दोन्ही फोनॉनांत सोडियम आणि क्लोरीन एकमेकांविरुद्ध हलतात, बंधही तेच आणि स्फटिक घनाकृती. मग टीओ १६४ वर आणि एलओ २६४ वर कसा?
*— पदव्युत्तर विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर*

फरक बंधांत नाही, आयनांच्या हालचालीतून उभ्या राहणाऱ्या विद्युत क्षेत्रात आहे. सोडियमचे सगळे आयन एका बाजूला आणि क्लोरीनचे दुसऱ्या बाजूला सरकले की स्फटिकात ध्रुवीकरण निर्माण होते. टीओमध्ये हे ध्रुवीकरण तरंगाच्या प्रवासदिशेला लंब असते. प्रवासदिशेने पुढे गेल्यावर ते हळूहळू उलटते खरे, पण त्यामुळे कोठेही प्रभार साचत नाही. एलओमध्ये ध्रुवीकरण प्रवासदिशेतच असते, त्यामुळे एका थरात ते वाढत आणि पुढच्या थरात घटत जाते आणि प्रवासदिशेला लंब असलेल्या प्रतलांवर आळीपाळीने धन आणि ऋण प्रभार साचतो. या प्रभारांचे क्षेत्र ध्रुवीकरणाच्या नेमके विरुद्ध असते, म्हणून ते आयनांना मूळ जागी खेचते. बंधांच्या ओढीत ही जादा ओढ मिळते आणि वारंवारता चढते.

ही जादा ओढ लहानसहान नाही. ओढ वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १६४ चा वर्ग २६,८९६ आणि २६४ चा वर्ग ६९,६९६, म्हणजे फरक ४२,८०० चा. टीओमध्ये जी काही ओढ आहे, तिच्या दीडपटीहून अधिक ओढ एलओमध्ये एकट्या या क्षेत्राने घातली आहे, आणि तीसुद्धा इलेक्ट्रॉनांच्या ध्रुवीकरणाने हे क्षेत्र सुमारे सव्वादोन पटीने दुबळे केल्यानंतर. मात्र टीओची ओढ म्हणजे निव्वळ बंधांची ओढ, असे समजू नये. शेजारच्या द्विध्रुवांचे स्थानिक क्षेत्र तिथेही असते आणि ते टीओची वारंवारता बंधांच्या हिशेबापेक्षा खाली ओढते. पाठ्यपुस्तकांतील एका ओळीतल्या स्प्रिंगांच्या चित्रात हे दोन्ही परिणाम गळून पडतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

टीओवर स्फटिक अवरक्त प्रकाश शोषतो असे शिकवतात. शोषणारा पदार्थ काळा दिसायला हवा, मग परावर्तन इतके जास्त कसे?
*— बी.एस्सी. तृतीय वर्षाचा विद्यार्थी, अमरावती*

शोषण क्षणभर बाजूला ठेवू आणि अवमंदन शून्य मानू. अशा स्फटिकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक वारंवारतेनुसार असा बदलतो :

ε(ω) = ε∞ (ω_LO² − ω²) / (ω_TO² − ω²)

मिठासाठी ε∞ सुमारे २.२५ आहे. वारंवारता १६४ च्या खाली असेल तर अंश आणि छेद दोन्ही धन, २६४ च्या वर असेल तर दोन्ही ऋण, म्हणजे ε दोन्हीकडे धनच. मधल्या पट्ट्यात मात्र अंश धन आणि छेद ऋण, त्यामुळे ε ऋण होतो. भौतिक अर्थ असा, की टीओच्या वरच्या वारंवारतेवर आयन बाहेरच्या क्षेत्राच्या तालाला मागे पडून उलटे हलतात, आणि या पट्ट्यात त्यांचे उलटे ध्रुवीकरण इतके मोठे असते की ते इलेक्ट्रॉनांचा आणि निर्वाताचा वाटा मिळूनही वरचढ ठरते.

२०० या वारंवारतेवर, म्हणजे ५० मायक्रोमीटर तरंगलांबीवर, आकडे घालून पाहा. ε येतो उणे ५.१. त्याचे वर्गमूळ, म्हणजे अपवर्तनांक, शुद्ध काल्पनिक येतो, सुमारे २.२६i. अपवर्तनांक काल्पनिक असला की स्फटिकात पुढे जाणारा तरंग उरतच नाही. उरते ते पृष्ठभागापासून आत झपाट्याने विरत जाणारे क्षेत्र. इथे त्याचा आयाम अवघ्या साडेतीन मायक्रोमीटरांत २.७ पटीने घटतो. या क्षेत्रात ऊर्जा आत-बाहेर होत राहते, पण सरासरीने आत काही जात नाही. अवमंदन नसल्याने तिथे ती खर्चही होत नाही. मग परत फिरण्यावाचून तिला मार्गच नसतो आणि परावर्तन १०० टक्के येते. धातू दृश्य प्रकाशाला परतवतो तेही ε ऋण असल्यामुळेच, फक्त तिथे मुक्त इलेक्ट्रॉन हलतात आणि इथे आयन.

पट्ट्याच्या दोन कडा सारख्या नसतात, हे आलेखावर लगेच दिसते. टीओच्या खाली ε धन पण खूप मोठा असतो, त्यामुळे १५० वरही परावर्तन सुमारे ४४ टक्के असते आणि खालची कड उताराची होते. एलओच्या वर मात्र ε शून्यातून वर चढतो आणि लवकरच एकच्या जवळ जातो. २८० वर परावर्तन सहा टक्क्यांच्या आत येते आणि सुमारे ३२२ वर, जिथे ε बरोबर एक होतो, तिथे ते जवळजवळ नाहीसे होते. हा तळ म्हणजेच एलओ, असे अनेक प्रयोगवह्यांत लिहिलेले असते. ते चूक आहे.

या पट्ट्याचा उपयोग फार जुना आहे. रुबेन्स आणि निकोल्स यांनी १८९७ मध्ये स्फटिकांवरून वारंवार परावर्तन घडवून ठरावीक अवरक्त किरण वेगळे काढायला सुरुवात केली. एका परावर्तनात ८८ टक्के प्रकाश परतत असेल, तर चार परावर्तनांनंतर ६० टक्के उरतो. ज्या तरंगलांबीवर चारच टक्के परततात तिथे मात्र दशलक्षात अडीच भाग उरतो. मिठाच्या स्फटिकावरून मिळालेल्या सुमारे ५१ मायक्रोमीटरच्या अशाच किरणांची रुबेन्स आणि कुर्लबाउम यांची १९०० मधील मोजणी प्लांकच्या प्रारण सूत्राच्या निर्णायक कसोट्यांपैकी एक ठरली.

प्रकाश अवतरंगी आहे, म्हणजे तो एलओला हलवू शकत नाही. तरीही परावर्तनाची वरची कड एलओवरच का पडते?
*— निवृत्त प्राध्यापक, लक्ष्मीनगर, नागपूर*

प्रश्न नेमका आहे. जाड स्फटिकावर लंब पडणारा प्रकाश एलओला खरोखरच स्पर्श करत नाही. वरच्या कडेवर जे सुरू होते तो एलओ नव्हे, तर प्रकाश आणि अवतरंगी आयन-कंपन यांचा मिश्र तरंग, म्हणजे पोलॅरिटॉन. त्याला प्रवास करायचा तर ε धन हवा, आणि ε धन व्हायला लागतो तो शून्य ओलांडल्यावर. अनुतरंगी कंपनाची अटही बाहेरचा प्रभार नसताना ε शून्य असण्याचीच आहे. दोन वेगळे तरंग एकाच अटीवर येऊन थांबतात ते यासाठी, की कडेवर पोलॅरिटॉनची तरंगलांबी अनंत होते. सगळा स्फटिक एका तालात हलत असताना ते कंपन कोणत्या प्रवासदिशेला लंब आणि कोणत्या दिशेला समांतर, हे सांगायला प्रवासदिशाच उरत नाही, आणि घनाकृती स्फटिकात दोन्हींची वारंवारता एक होणे भाग पडते.

ε चे शून्य आणि अनंत या दोन टोकांतूनच लिडेन, सॅक्स आणि टेलर यांचे १९४१ चे सूत्र निघते. वरच्या सूत्रात ω शून्य घातला की स्थिर डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणजे २.२५ गुणिले ६९,६९६ भागिले २६,८९६, अर्थात ५.८ येतो. विद्युत मोजणीतून मिठासाठी मिळणारा आकडा ५.९ च्या आसपास आहे.

प्रकाशाने एलओ थेट पाहायचाच असेल तर पातळ थर घ्यावा, प्रकाश तिरपा टाकावा आणि त्याचे क्षेत्र आपतन प्रतलात ठेवावे. मग क्षेत्राचा एक घटक थराला लंब पडतो, दोन्ही पृष्ठांवर प्रभार साचतो आणि एलओवर शोषणाची रेषा उमटते. बेरेमन यांनी १९६३ मध्ये लिथियम फ्लोराइडच्या थरांत हे दाखवले.

सिलिकॉनमध्येही प्रकाशीय फोनॉन आहे. तिथे असा पट्टा का नाही?
*— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, वर्धा*

सिलिकॉनचे दोन्ही अणू सारखेच. ते विरुद्ध हलले तरी पहिल्या पायरीत ध्रुवीकरण होत नाही, म्हणून टीओ आणि एलओ दोन्ही ५२० वरच असतात आणि पट्ट्याची रुंदी शून्य. गॅलियम आर्सेनाइड थोडेसेच आयनी, तिथे पट्टा २६८ ते २९२ इतका अरुंद आहे.

आमच्या एफटीआयआरवर मिठाच्या फोडलेल्या स्फटिकाचे परावर्तन घेतले. पठार ८५ टक्क्यांवर जात नाही आणि उजवीकडे एक खांदा दिसतो. स्फटिक खराब की मांडणी?
*— संशोधक विद्यार्थी, नागपूर*

बहुधा दोन्ही नाहीत. खऱ्या मिठात आयनांमधील बले अगदी स्प्रिंगसारखी नसतात, त्यामुळे प्रकाशाने हलवलेला टीओ फोनॉन दुसऱ्या दोन फोनॉनांत फुटतो आणि ऊर्जा खर्च होते. वरच्या सूत्रात ८ प्रतिसेंटीमीटर इतके अवमंदन घातले, तर २०० वर परावर्तन १०० वरून ८८ टक्क्यांवर उतरते. शिवाय हे अवमंदन सगळ्या वारंवारतांवर सारखे नसते. ज्या वारंवारतेवर फुटण्यासाठी फोनॉनांच्या जोड्या मुबलक मिळतात, तिथे खर्च वाढतो आणि पठारावर खांदा पडतो. खात्री करायची तर स्फटिक द्रव नायट्रोजनने थंड करा. पठार चढले, खांदा मावळला आणि टीओ किंचित वर सरकला, तर कारण जालकातच आहे.

मांडणीची शंका वेगळ्या रीतीने तपासावी. जाड तुकडा घेऊन त्याची पाठ खरबरीत करा आणि सोन्याच्या आरशाच्या तुलनेत ५० वरचे परावर्तन पाहा. तिथे सुमारे १८ टक्के यायला हवेत. तिथेही त्याच प्रमाणात घट असेल, तर नमुना तिरका बसला आहे किंवा किरण त्याच्या काठाबाहेर सांडतो आहे. यंत्रात पोटॅशियम ब्रोमाइडचा किरण-विभाजक असेल तर ४०० च्या खालचे सगळे आकडे निरर्थक आहेत. दूर-अवरक्तासाठी मायलारचा विभाजक आणि पॉलिथीनची खिडकी असलेला शोधक लागतो. हवेतली वाफ या पट्ट्यात काटेरी रेषा उमटवते, म्हणून यंत्रात कोरडा नायट्रोजन खेळता ठेवावा.

नागपुरात आणखी एक पथ्य पाळावे लागते. मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असली तरी प्रयोगशाळेत कूलर चालू असतो, आणि त्याची ओली हवा थेट अंगावर आली तर मीठ पाझरते. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की ते हवेतूनच पाणी ओढून घेते. नुसत्या मंद झालेल्या पृष्ठभागाची फारशी चिंता नको, कारण ५० मायक्रोमीटरच्या तरंगाला मायक्रोमीटरभराचा खडबडीतपणा जाणवत नाही. पाण्याचा पापुद्रा मात्र जाणवतो.

टीओ आणि एलओ आलेखाच्या कडांवरून वाचू नयेत, कारण अवमंदनाने कडा सरकतात. आधी परावर्तनातून ε काढावा, क्रॅमर्स-क्रोनिग पद्धतीने किंवा सूत्र बसवून. ε च्या काल्पनिक भागाचे शिखर म्हणजे टीओ आणि −१/ε च्या काल्पनिक भागाचे शिखर म्हणजे एलओ.

मिठाच्या प्लेटी ६५० च्या खाली निकामी होतात. पट्टा तर २६४ वरच संपतो ना?
*— औषध कंपनीतील विश्लेषक, हिंगणा*

प्लेट परावर्तनामुळे निकामी होत नाही. ६०० वर एका पृष्ठाचे परावर्तन तीन टक्क्यांहूनही कमी असते. तिथे प्रकाश थांबतो तो शोषणामुळे, ज्यात एकाच वेळी अनेक फोनॉन निर्माण होतात. हे शोषण दुबळे असते, पण प्लेटची जाडी मिलिमीटरांत असते आणि परावर्तनाचा खेळ काही मायक्रोमीटरांत आटोपतो. शोषण प्रतिसेंटीमीटर १ इतके जरी असले, तरी पाच मिलिमीटरांत सुमारे ४० टक्के प्रकाश जातो. आयन जड असले की सगळे फोनॉन खाली सरकतात आणि ही मर्यादाही खाली जाते. म्हणून पोटॅशियम ब्रोमाइड सुमारे ४०० पर्यंत आणि सीझियम आयोडाइड सुमारे २०० पर्यंत चालते.