नव्वद टक्के हजेरी, तरी एक बुधवार अडला

"मॅडम, ताईचं लग्न आहे. बुधवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत आठ दिवस गावी जायचंय. ॲपवर माझी हजेरी ९० टक्के दिसते आणि लागते ८०. मग परीक्षेला काही अडचण नाही ना?"

बी.फार्मच्या चौथ्या सेमिस्टरची ही मुलगी रजेचा अर्ज लिहूनच आली होती, फक्त माझी सही हवी होती. मी म्हटलं, "अगं, थांब. आधी विषयवार हजेरी काढ."

फार्मसी कौन्सिलच्या नियमात ८० टक्के हजेरी प्रत्येक विषयात लागते. तीही थिअरीची वेगळी आणि प्रॅक्टिकलची वेगळी. ॲपवरचे ९० टक्के ही सगळ्याची बेरीज होती. दहा आठवड्यांत १९० तासिका-प्रॅक्टिकलपैकी ती १७१ ला हजर होती, पण कोणत्या विषयात किती खाडे पडले हे त्या आकड्यात दिसत नाही.

थिअरीची चिंता नव्हती. आठवड्याला तीन तासिका म्हणजे १५ आठवड्यांत ४५. त्याचे २० टक्के म्हणजे नऊ खाडे चालतात, आणि तिचे कोणत्याच विषयात चारपेक्षा जास्त नव्हते.

प्रॅक्टिकलचं गणित मात्र फार लहान असतं. मुलं नेमकी इथेच फसतात, म्हणून मी आधी प्रॅक्टिकलचंच रजिस्टर मागवते. आठवड्याला एक प्रॅक्टिकल, म्हणजे सेमिस्टरभरात १५ आणि खाडे चालणार फक्त तीन. फार्माकॉलॉजीचं प्रॅक्टिकल बुधवारी होतं आणि तिथे तिचे दोन खाडे आधीच पडले होते. तापात दोन बुधवार गेले होते. तिच्या मागणीत तर दोन बुधवार होते. चार खाडे झाले की १५ पैकी ११, म्हणजे ७३ टक्के.

"मग एकच बुधवार घेते. १५ पैकी १२ म्हणजे बरोबर ८०," ती म्हणाली. हिशोब बरोबर होता, पण १५ हा आकडाच पक्का नव्हता. कॉलेजचं कॅलेंडर उघडून उरलेल्या पाच बुधवारांवर बोट ठेवलं, तर शेवटचा १ मे, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. म्हणजे प्रॅक्टिकल १४ च होणार. १४ चे २० टक्के २.८ आणि पाऊण खाडा असा काही प्रकार नसतो, म्हणून दोनच. तिचे दोन होऊन गेले होते. आणखी एक पडला असता तर १४ पैकी ११, म्हणजे ७८.५७ टक्के. दीड टक्का कमी आहे म्हणून कोणी सोडून देईल हे मी गृहीत धरत नाही.

ती रडवेली झाली. "पण सरांनी रजा मंजूर केली तर?" मंजूर रजा म्हणजे विचारून गेलात एवढंच, रजिस्टरमध्ये त्या दिवशी गैरहजेरीच लागते. डॉक्टरांचा दाखलाही तापाच्या त्या दोन खाड्यांना आपोआप हजेरी करत नाही; सूट द्यायची की नाही हे कॉलेज-विद्यापीठ ठरवतं. त्यावर विसंबून तिकीट काढू नये.

मग कागदावर आठवडा मांडला. हळद शनिवारी, लग्न रविवारी, सत्यनारायण सोमवारी. बुधवारचं प्रॅक्टिकल करून रात्रीच्या एसटीने निघायचं आणि मंगळवारी रात्री परत फिरायचं. यात गुरुवारचं फिजिकल फार्मास्युटिक्स, सोमवारचं मेडिसिनल केमिस्ट्री आणि मंगळवारचं फार्माकॉग्नोसी ही तीन प्रॅक्टिकल बुडत होती. मेडिसिनलमध्ये आधीचा एक खाडा होता, तो दोनवर जात होता. बाकी दोन्हींत पहिलाच. तिन्हींत प्रॅक्टिकल १५ ऐवजी १४ झाली तरी हे बसत होतं. थिअरीतही विषयागणिक तीनेक तासिका जाऊन, तासिका ४२ झाल्या तरी, ८३ टक्क्यांच्या खाली काही येत नव्हतं.

एक झळ मात्र तिला आधीच सांगितली. अंतर्गत मूल्यमापनात थिअरीच्या हजेरीला चार गुण असतात. ९५ किंवा त्याहून जास्त असेल तर चारही मिळतात, ८० ते ८४ मध्ये एकच. चार खाडे असलेल्या विषयात तो फटका बसणार होता. "ताईच्या लग्नासाठी चालेल," ती लगेच म्हणाली. ते तिनेच ठरवायचं होतं.

अर्ज पुन्हा लिहिला. "घरगुती कारणास्तव" काढून तारखा, बुडणारी तीन प्रॅक्टिकल आणि मेडिसिनलचं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर करू देण्याची विनंती घातली. ही विनंती जाण्याआधी करावी लागते, कारण मागाहून रजिस्टरमध्ये नोंद घालायला कोणतेच सर तयार होत नाहीत. विनंती मान्य झाली नाही. तरीही हिशोब बसत होता, म्हणून ती गेली.

बुधवारी सकाळी मेंदी रंगलेल्या हातांनी ती फार्माकॉलॉजीच्या लॅबमध्ये उभी होती. उरलेले बुधवारही तिने चुकवले नाहीत. सेमिस्टरअखेरच्या यादीत तिच्या नावापुढे १४ पैकी १२ होतं.